रुळाचा पाय आणि रुळाचं डोकं : बेंडिंग स्ट्रेसचं एक गणित



डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. वरखाली सारखा नसलेला एखादा छेद दिलेला असतो, बहुतेक वेळा 'टी' आकाराचा. त्याचा न्यूट्रल ॲक्सिस शोधा आणि जास्तीत जास्त टेन्साइल स्ट्रेस काढा, असं विचारलेलं असतं. मुलं तो सोडवतात, मार्कही मिळवतात. पण त्याच मुलाला विचारा, "हा टी नक्की कुठे असतो रे?" की तो वर बघायला लागतो. म्हणून मी हे गणित टी-सेक्शनवर शिकवत नाही. ज्याच्यावरून ती मुलं रोज सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला जातात, त्या रुळावर शिकवतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, पुढच्याच वर्षी मार्ग कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून आपल्या भागातली माणसं रुळावर जगतात, पण रूळ कापल्यावर आतून कसा दिसतो हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. (मोजायला कोणी लाइनवर उतरू नका आणि मुलांनाही उतरू देऊ नका. बऱ्याच पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये रुळाचा तुकडा असतो. नसला तर खाली दिलेली मापं पुरेशी आहेत.)

आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर जो रूळ जास्त दिसतो त्याला '६० किलोचा रूळ' म्हणतात, कारण त्याचं एका मीटरचं वजन साधारण ६० किलो भरतं. उंची १७२ मिलिमीटर. वर जाड डोकं, रुंदी ७२. मध्ये साडेसोळा मिलिमीटरची उभी पट्टी, तिला वेब म्हणतात. खाली १५० मिलिमीटर रुंद, पसरट पाय. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी, पण वरची आणि खालची बाजू मुळीच सारखी नाही. आपल्या प्रश्नातला 'अनसिमेट्रिकल' छेद तो हाच.

खऱ्या रुळाला गोलाई आणि उतार असतात. वर्गात आपण त्याचे तीन आयत करू : डोकं ७२ × ४२, वेब १६.५ × १११, पाय १५० × १९. उंचीची बेरीज करून बघा, १७२ येते. क्षेत्रफळ ३०२४, १८३१.५ आणि २८५०, म्हणजे एकूण ७७०५.५ चौरस मिलिमीटर. स्टीलचं वजन घनमीटरला ७८५० किलो धरलं तर मीटरला साडेसाठ किलो होतात. म्हणजे आपले आयत अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाहीत.

आता न्यूट्रल ॲक्सिस. हा शब्द आला की मुलं सरळ सूत्राकडे धावतात, तिथे मी त्यांना थांबवतो. रूळ चाकाखाली वाकतो तेव्हा खालचा भाग ताणला जातो आणि वरचा दाबला जातो. मग मध्ये कुठेतरी एक थर असा असणार, जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. तो थर म्हणजे न्यूट्रल ॲक्सिस. पण तो नेमका कुठे? इथे मुलांचा पहिला अंदाज असतो 'उंचीच्या मध्यावर', म्हणजे ८६ मिलिमीटरवर. वरखाली सारखा छेद असता तर ते बरोबर होतं.

विचार असा करायचा. नुसत्या वाकण्यात रुळाला लांबीच्या दिशेने कोणी ओढत नाही आणि ढकलतही नाही. मग खालच्या भागातली सगळी ओढ आणि वरच्या भागातला सगळा दाब यांची बरोबरी झालीच पाहिजे. स्ट्रेस तर न्यूट्रल ॲक्सिसपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. म्हणून क्षेत्रफळ गुणिले अंतर ही बेरीज दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी, आणि ती ज्या रेषेवर सारखी येते तिलाच आपण सेंट्रॉइडची रेषा म्हणतो. एवढं समजलं की 'न्यूट्रल ॲक्सिस सेंट्रॉइडमधून जातो' हे पाठ करायचं वाक्य राहत नाही.

पायाच्या तळापासून मोजू. पायाचा मध्य ९.५ वर, वेबचा ७४.५ वर, डोक्याचा १५१ वर. प्रत्येक क्षेत्रफळाला आपापल्या अंतराने गुणलं तर २७,०७५, १,३६,४४७ आणि ४,५६,६२४ येतात. बेरीज ६,२०,१४६. तिला ७७०५.५ ने भागा : ८०.५ मिलिमीटर. म्हणजे न्यूट्रल ॲक्सिस मध्यापेक्षा साडेपाच मिलिमीटर खाली आहे. तळापासून ८०.५ आणि माथ्यापासून ९१.५.

मुलांना हे हाताला जाणवलं पाहिजे म्हणून एक करा. जाड पुठ्ठ्यावर ही आकृती खऱ्या मापात काढून कापायला सांगा. मग ती आडवी धरून फूटपट्टीच्या धारेवर तोलायला लावा, पट्टी पायाच्या कडेला समांतर ठेवून. जिथे तोल सांभाळला जातो तिथे पेन्सिलने रेघ मारायची आणि तळापासून मोजायचं. माझ्या वर्गात ७९ ते ८२ च्या दरम्यान काहीतरी येतं. पुठ्ठा वाकडा कापणारा एखादा ८५ आणतो, मग त्याचं डोकं जाड कापलं गेलंय का ते बाकीची पोरं तपासतात. यात दहा मिनिटं जातात, पण ती सत्कारणी लागतात.

पुढचं पाऊल मोमेंट ऑफ इनर्शिया. प्रत्येक आयताचा स्वतःचा, अधिक क्षेत्रफळ गुणिले न्यूट्रल ॲक्सिसपासूनच्या अंतराचा वर्ग. पायाचा सुमारे १.४४ कोटी येतो, वेबचा १९.५ लाख आणि डोक्याचा १.५५ कोटी. एकूण I = ३.१९ कोटी mm⁴, म्हणजे ३१९० cm⁴ च्या आसपास. खऱ्या रुळाचा आकडा साधारण ३०५० आहे. आपला चार-पाच टक्के जास्त आला, कारण आयत करताना आपण वेबच्या दोन टोकांकडची गोलाई काढून ते लोखंड थोडं लांब सरकवलं. वर्गासाठी चालेल. पण हा फरक मुलांना दाखवून द्या, नाहीतर त्यांना वाटतं पुस्तकातला आकडा आकाशातून पडतो. आणि वेबकडे बघा : लोखंडाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्याच्याकडे, पण I मधला वाटा सहा टक्क्यांच्या आसपासच. वाकण्याला तोंड द्यायचं काम डोकं आणि पाय करतात, वेब त्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो.

आता भार. चाकाखाली साधारण दहा टन, म्हणजे १०० किलोन्यूटन धरू. स्लीपर एकमेकांपासून ६० सेंटिमीटरवर. रूळ दोन स्लीपरवर ठेवलेली साधी तुळई मानली तर PL/4 ने बेंडिंग मोमेंट १५ kN·m येतो. पण स्लीपर काही दगडी खांब नव्हेत. ते खडीत किंचित दबतात, भार शेजारच्या स्लीपरांवर पसरतो आणि रूळ जास्त लांबीत वाकतो. ही दबणारी खडी हिशेबात घेतली तर नेहमीच्या मार्गाला आकडा २४ च्या आसपास जातो. आपण M = २४ kN·m घेऊ. गाडी उभी असतानाचा हा आकडा आहे. धावत्या गाडीचे धक्के, सपाट झालेलं चाक यांनी तो बराच वाढतो, ते आज बाजूला ठेवू.

σ = M·y / I

M भागिले I केलं की ०.७५ येतात. याचा अर्थ मुलांना शब्दांत सांगतो : न्यूट्रल ॲक्सिसपासून एक मिलिमीटर दूर जा, स्ट्रेस पाऊण न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरने वाढतो. तळ ८०.५ मिलिमीटरवर, म्हणून तिथे सुमारे ६१ N/mm². माथा ९१.५ वर, म्हणून तिथे ६९. ताळा करायचा असेल तर अक्षाखालची एकूण ओढ आणि वरचा एकूण दाब वेगवेगळे काढा. दोन्ही सुमारे १७६ किलोन्यूटन येतात, साधारण अठरा टन.

आणि आता खरा प्रश्न. मॅक्झिमम टेन्साइल स्ट्रेस किती? निम्मा वर्ग ६९ लिहितो. मोठा y घेतला, मोठा स्ट्रेस आला, खाली दोन रेघा मारल्या, झालं. पण ६९ हा माथ्यावरचा आहे आणि चाकाखाली माथा दाबला जातोय. तो कॉम्प्रेसिव्ह आहे. ताण आहे तळाला, ६१. सारखा छेद असला की दोन्ही आकडे एकच येतात, म्हणून ही चूक लपून जाते. रुळासारख्या छेदात ती उघडी पडते. म्हणून माझा आग्रह असा की y लिहिण्याआधी मुलाने वाकलेल्या तुळईचं छोटंसं चित्र काढावं आणि कुठली बाजू ताणली जातेय तिथे 'टी' लिहावं. पेपर तपासताना मी आधी ते चित्र बघतो, मग आकडा.

इथे थांबलो तर गणित संपेल, पण रूळ संपत नाही. लोकलच्या एका बोगीची दोन चाकं एकमेकांपासून जवळपास तीन मीटरवर असतात. प्रत्येक चाकाखाली रूळ खाली वाकतो, तर दोन्हींच्या मधोमध तो वरच्या बाजूला किंचित फुगीर होतो. चादर दोन ठिकाणी दाबली की मध्ये फुगवटा येतो ना, तसं. तिथे मोमेंट उलटा असतो. एका चाकामुळे दीड मीटरवर चाकाखालच्या मोमेंटच्या साधारण पाचवा हिस्सा उलटा येतो, दोन चाकांचा मिळून सुमारे १० kN·m. आता ताण वर आला. म्हणजे y घ्यायचा ९१.५, आणि माथ्यावर टेन्साइल स्ट्रेस निघतो सुमारे २९.

बघा काय झालं. उलट्या वाकण्यात y मोठा आहे, पण मोमेंट लहान. सरळ वाकण्यात मोमेंट मोठा, पण y लहान. दोन्ही जागा तपासल्याशिवाय मोठा टेन्साइल स्ट्रेस कुठला हे ठरत नाही. इथे तळ जिंकला, ६१ विरुद्ध २९. उलटा मोमेंट २१ kN·m च्या वर गेला असता तर माथा जिंकला असता. परीक्षेत बाहेर लोंबणाऱ्या टोकाची तुळई आणि त्यावर टी-सेक्शन देतात ते याच कारणाने. तिथेही दोन मोमेंट आणि चार स्ट्रेस काढायचे असतात. पुष्कळ मुलं एकच मोठा मोमेंट घेऊन मोकळी होतात.

पालकांपैकी काहीजण आता विचारतील, की रुळाचं स्टील ८८० N/mm² पर्यंत ताण सोसतं, मग ६१ ची एवढी चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे 'रुळाला तडा, लोकल उशिराने' अशी घोषणा आपण सगळ्यांनी फलाटावर उभं राहून ऐकलेली आहे. ती हिवाळ्यात जास्त का, आणि पहाटेच का?

हल्ली रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब सलग केलेले असतात. थंडीत आखडायला त्यांना जागाच नसते. आखडू न दिलेलं स्टील दर अंशाला सुमारे २.४ N/mm² ताण अंगावर घेतं. समजा रूळ ४० अंशाला ताणमुक्त करून बांधला आणि पहाटे तो १८ अंशावर आला. बावीस अंशाचे झाले ५३. हा ताण वाकण्याचा नाही. तो डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे सारखा असतो. आता बेरीज करा. तळाला ६१ अधिक ५३, म्हणजे ११४. माथ्यावर ६९ चा दाब होता, त्यातून ५३ वजा, उरला १६ चा दाब.

मग शून्य स्ट्रेसची रेषा कुठे गेली? ५३ भागिले ०.७५, म्हणजे सुमारे ७० मिलिमीटर वर. तळापासून १५१ वर, थेट डोक्याच्या पोटात. थंडीच्या पहाटे चाकाखालचा जवळजवळ सगळा रूळ ताणात असतो, माथ्याकडचे वीसेक मिलिमीटर सोडले तर. वाकण्याचा अक्ष सेंट्रॉइडवर तसाच आहे, शून्याची रेषा मात्र तिथून उठून गेली. 'न्यूट्रल ॲक्सिस म्हणजे जिथे स्ट्रेस शून्य' ही व्याख्या नुसत्या वाकण्यापुरतीच खरी आहे, हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. उन्हाळ्यात हेच उलट होतं. रूळ दाबात जातो आणि मग भीती तुटण्याची नसते, बाजूला फुगण्याची असते.

११४ सुद्धा ८८० च्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकाच आहे. चांगला, निरोगी रूळ एवढ्याने तुटत नाही. तुटतो तो आजारी रूळ. बारा डब्यांच्या लोकलची एका रुळावर ४८ चाकं. समजा एका लाइनवर दिवसाला २०० गाड्या, तर तळाला दिवसातून साडेनऊ हजार वेळा हिसका बसतो, वर्षाला पस्तीस लाख वेळा. पायाला क्लिपने धरतात तिथे ओल साचते, गंज खड्डा पाडतो, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी स्ट्रेस आपल्या सूत्रापेक्षा कितीतरी जास्त असतो. जागेवर केलेल्या वेल्डच्या पायात एखादी पोकळी राहिली तरी तेच. तिथून चीर सुरू होते, थोडी थोडी वाढते, आणि थंडीच्या ताणाने एका पहाटे उरलेला भाग सोडून देते. M·y/I हे सूत्र गुळगुळीत, एकजीव पट्टीसाठी आहे. चीर असलेल्या जागी त्याने आलेला आकडा खरा मानायचा नाही. ती जागा कुठे शोधायची, एवढं मात्र ते नक्की सांगतं.

आणि शोधायची जागा नेमकी अडचणीची. डोक्यावरची झीज डोळ्यांना दिसते, पाय खडीत आणि क्लिपांखाली. अल्ट्रासॉनिक तपासणीत रुळाच्या माथ्यावरून ध्वनिलहरी आत सोडतात. त्या वेबमधून खाली जाऊन पायाच्या मधल्या पट्ट्याची खबर आणतात, पण पायाच्या दोन पातळ बाहेरच्या कडांपर्यंत त्या पोचत नाहीत. म्हणून हातोडी आणि पाना घेऊन रोज लाइन चालणारा कीमन अजूनही लागतो. तडा सापडला की दोन्ही बाजूंना फिशप्लेट लावून ती आवळतात आणि गाड्या हळू सोडतात, म्हणजे त्या जागी रुळाचा ताण आणि वाकणं पट्ट्या वाहतात.

शेवटी वर्गासाठी एक गणित, ज्याचं उत्तर मुलांना चकवतं. डोकं झिजून आठ मिलिमीटरने कमी झालं असं धरा, म्हणजे ७२ × ३४. न्यूट्रल ॲक्सिस आता कुठे? वरचं लोखंड गेलं, म्हणून तो खाली सरकणार : तळापासून ७३.४. म्हणजे तळाचा y सात मिलिमीटरने कमी झाला. मुलांना विचारा, तळाचा ताण वाढेल की घटेल? बहुतेक हात 'घटेल' ला वर होतात, कारण y घटला. मग I काढायला सांगा. तो ३.१९ कोटींवरून २.७१ कोटींवर येतो, पंधरा टक्के खाली. y फक्त नऊ टक्क्यांनी घटला. मोमेंट तोच २४ धरला तर तळाचा ताण ६१ वरून ६५ वर जातो. खरं तर I कमी झाल्यावर रूळ लवचीक होतो, भार आणखी पसरतो आणि मोमेंटही थोडा उतरतो, त्यामुळे वाढ याहून कमी निघते. पण वाढच निघते, घट नाही. हुशार मुलं ही शेवटची गोष्ट स्वतः विचारतात. विचारली नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत सांगू नका, त्यांना लोकलमध्ये विचार करायला वेळ असतो.